चुकीचा फोटो : पाठवण्याआधी आणि पाठवल्यानंतर

व्हॉट्सॲपवर निवडलेला फोटो आणि पाठवलेला फोटो यांत मोठा फरक आहे. निवडलेला फोटो फक्त पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये असतो. तो काढून दुसरा लावायला दोन-तीन सेकंद पुरतात आणि समोरच्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पाठवलेल्या फोटोची मात्र समोरच्याच्या फोनमध्ये वेगळी प्रत तयार झालेली असते. ती प्रत बदलण्याची सोय व्हॉट्सॲपमध्ये नाही. टेलिग्राममध्ये ती आहे, ई-मेलमध्ये नाही. असे का, आणि ज्या ॲपमध्ये सोय नाही तिथे काय करता येते, हे समजण्यासाठी पाठवण्याचे बटण दाबल्यावर फोटोचे नेमके काय होते ते पाहावे लागते.

बटण दाबताच फोन मूळ फोटोची आकाराने लहान अशी प्रत तयार करतो. ही प्रत तो सांकेतिक रूपात बदलतो आणि ती पुन्हा उलगडण्यासाठी लागणारी किल्ली स्वतःजवळ ठेवतो. सांकेतिक फाइल इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर चढते. त्यानंतर प्रत्यक्ष संदेश रवाना होतो. त्यात फाइल सर्व्हरवर कुठे ठेवली आहे तो पत्ता असतो, ती उलगडण्याची किल्ली असते आणि फाइलचा गणिती ठसा असतो. समोरचा फोन त्या पत्त्यावरून फाइल उतरवून घेतो, ठसा जुळतो का ते तपासतो आणि मगच किल्ली लावून फोटो दाखवतो. सर्व्हरवरच्या फाइलमध्ये कुणी ढवळाढवळ केली तर ठसा जुळत नाही आणि फोन ती फाइल नाकारतो. संभाषणाच्या सुरक्षिततेसाठी केलेली ही व्यवस्था आहे. त्यामुळेच संदेश निघून गेल्यावर सर्व्हरवर गुपचूप दुसरा फोटो ठेवून चूक दुरुस्त करता येत नाही.

चूक कुठे होते

चुकीचा फोटो जोडला जाण्याचे सर्वांत मोठे कारण निवडीच्या पडद्यावर असते. क्लिपचे चिन्ह दाबून गॅलरी उघडली की फोटो लहान चौकोनांच्या ओळींत मांडलेले दिसतात. मूळ फोटो उभा असो वा आडवा, चौकोनात फक्त त्याचा मधला भाग येतो. कागदपत्रांच्या फोटोंची खरी अडचण इथेच होते. आधार कार्डाची पुढची आणि मागची बाजू, यंदाचे आणि गेल्या वर्षीचे वेळापत्रक, दोन वेगळ्या महिन्यांची वीजबिले हे सगळे नखाएवढ्या चौकोनात सारखेच पांढरे दिसते. ज्यावरून ते वेगळे ओळखायचे ती तारीख, वर्ष किंवा नाव बहुतेक वेळा कागदाच्या वरच्या टोकाला असते आणि नेमका तोच भाग चौकोनाबाहेर गेलेला असतो.

दुसरे कारण क्रमाचे आहे. चौकोन नव्याकडून जुन्याकडे लावलेले असतात, आणि यात कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंबरोबर इतरांकडून आलेले फोटोही असतात. आताच काढलेला फोटो सर्वांत वर असेल असे गृहीत धरून पहिल्या चौकोनावर बोट ठेवले जाते. तेवढ्या वेळात दुसऱ्या गटातून आलेले एखादे शुभेच्छापत्र फोनमध्ये उतरलेले असेल, तर पहिल्या जागेवर ते असते आणि हवा असलेला फोटो एक घर मागे सरकलेला असतो. संगणकावर ही चूक वेगळ्या वाटेने होते. तिथे अनेकजण चित्र कॉपी करून `Ctrl+V` दाबतात. नवे चित्र नीट कॉपी झालेले नसेल तर आधी कॉपी केलेलेच चित्र तिथे उमटते.

पाठवण्याआधीची अदलाबदल

फोटो निवडल्यावर तो लगेच जात नाही. आधी तो पडदाभर दिसतो. त्याच्या वर कापण्याची, लिहिण्याची, रेघा ओढण्याची चिन्हे असतात. खाली मजकुरासाठी पट्टी असते आणि त्याच भागात हा फोटो ज्याच्याकडे किंवा ज्या गटाकडे जाणार त्याचे नाव लिहिलेले असते. या पडद्यावर दोन गोष्टी तपासायच्या असतात, फोटो आणि नाव. मजकूर टाइप करण्याच्या नादात लोक फोटो पाहतात आणि नाव पाहायचे राहून जाते. प्रत्यक्षात फोटो बरोबर आणि माणूस चुकीचा, ही चूकही तितकीच महागात पडते.

एकच फोटो निवडलेला असेल तर वरच्या कोपऱ्यातली फुली किंवा फोनचे मागे जाण्याचे बटण दाबले की निवड रद्द होते आणि गॅलरी पुन्हा समोर येते. खाली मोठा मजकूर लिहून झाला असेल, तर मागे जाण्यापूर्वी तो कॉपी करून ठेवावा, कारण निवडीबरोबर तोही पुसला जाण्याचा धोका असतो.

एकाहून जास्त फोटो निवडले असतील तर सगळी निवड मोडण्याची गरज नसते. पडद्याच्या खालच्या भागात निवडलेल्या सर्व फोटोंची छोटी चित्रे एका ओळीत दिसतात. नको असलेल्या चित्रावर बोट ठेवले की तो फोटो मोठा होऊन समोर येतो आणि त्या छोट्या चित्रावर कचरापेटीचे चिन्ह उमटते. ते दाबले की तेवढाच एक फोटो यादीतून जातो. गॅलरीतला मूळ फोटो पुसला जात नाही, त्यामुळे कचरापेटी दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मग अधिकचे चिन्ह दाबून योग्य फोटो जोडता येतो. नवीन फोटो ओळीच्या शेवटी लागतो. अर्जाची पाने क्रमाने पाठवायची असतील तर या अदलाबदलीने क्रम मोडतो. अशा वेळी मागे जाऊन पहिल्या पानापासून पुन्हा निवड करणेच सोपे जाते.

कागदपत्राच्या बाबतीत या पडद्यावर कागदाचा आकार न पाहता त्यावरचा एक शब्द वाचावा. वेळापत्रक असेल तर वर्ष, बिल असेल तर महिना, ओळखपत्र असेल तर नाव. कागद आपल्या ओळखीचा असला की डोळा त्याला ‘तोच’ म्हणून स्वीकारतो आणि चूक नजरेतून सुटते. एखादा शब्द वाचल्यावर तसे होत नाही.

पाठवताना मिळणारी फट

बटण दाबल्यानंतरही एक छोटी फट असते. फोटो सर्व्हरवर चढत असताना त्यावर फिरणारे वर्तुळ आणि त्यात फुलीचे चिन्ह दिसते. ती फुली दाबली की चढवणे थांबते. फोटो संभाषणात पाठवणाऱ्यापुरता दिसत राहतो आणि त्यावर पुन्हा पाठवण्याचे चिन्ह येते. तो लगेच पुसून टाकावा, कारण पुढे कधीतरी चुकून त्या चिन्हाला बोट लागले तर तोच फोटो रवाना होईल.

चांगल्या जोडणीवर ही फट सेकंदाचीही नसते. रेंज कमी असलेल्या गावात, घाटात किंवा लोकलमध्ये ती बऱ्यापैकी लांब असू शकते. संदेशाच्या कोपऱ्यात घड्याळाचे चिन्ह असेल तोवर संदेश फोनमधून बाहेर पडलेला नसतो. फुली चटकन सापडत नसेल तर फोन विमान मोडवर टाकून जोडणी तोडता येते आणि मग शांतपणे तो संदेश पुसता येतो. घड्याळ जाऊन एक बरोबरची खूण आली, की संदेश सर्व्हरने स्वीकारलेला असतो. त्यानंतर विमान मोडचा उपयोग नाही. उलट त्याने नुकसानच होते, कारण पुढे करायची दुरुस्तीही त्याच जोडणीवरून जायची असते.

गटात या खुणांचा अर्थ फसवा असतो. दोन खुणा उमटतात त्या गटातल्या प्रत्येकाच्या फोनपर्यंत संदेश पोहोचल्यावर आणि त्या निळ्या होतात त्या सर्वांनी वाचल्यावर. पन्नास जणांच्या गटात एकाचा फोन बंद असला तरी पाठवणाऱ्याला एकच खूण दिसत राहते. इतर अठ्ठेचाळीस जणांनी तोवर फोटो पाहिलेलाही असू शकतो. एकच खूण आहे म्हणजे अजून कुणाला मिळालेला नाही, हा समज वैयक्तिक संभाषणात बरोबर आहे, गटात चुकीचा.

पाठवून झाल्यावर

व्हॉट्सॲपने मे 2023मध्ये पाठवलेला संदेश दुरुस्त करण्याची सोय दिली. संदेशावर बोट दाबून धरले की यादीत `Edit` हा पर्याय येतो. तो पाठवल्यापासून 15 मिनिटांपर्यंतच वापरता येतो. काही महिन्यांनी ही सोय फोटोखालच्या मजकुरालाही लागू झाली. फोटोच्या संदेशावर हा पर्याय दिसतो म्हणून अनेकांना वाटते की इथून फोटोही बदलता येईल. तसे नाही. बदलतो तो फक्त मजकूर, चित्र जसेच्या तसे राहते.

एक उदाहरण घेऊ. नववीच्या वर्गशिक्षिका पालकांच्या गटात संध्याकाळी 7:40 वाजता परीक्षेच्या वेळापत्रकाचा फोटो पाठवतात. खाली लिहितात, ‘सोमवारपासून सुरू होणाऱ्या परीक्षेचे वेळापत्रक.’ फोटो मात्र गेल्या वर्षीच्या वेळापत्रकाचा जातो. यंदा पहिला पेपर मराठीचा आहे, फोटोत गणिताचा दिसतो. 7:48 वाजता एक पालक विचारतात, ‘मॅडम, सोमवारी गणित ना? मग मुलांना मराठीचं पुस्तक का आणायला सांगितलंय?’ तेव्हा चूक लक्षात येते. आठ मिनिटे गेलेली आहेत. काहींनी फोटो पाहिला आहे, काहींनी तो घरातल्यांना पुढे पाठवला आहे आणि एकाने रिक्षावाल्या काकांच्या गटातही टाकला आहे.

अशा वेळी पहिली उर्मी फोटो ताबडतोब पुसण्याची असते. इथे ती आवरलेली बरी. फोटो पुसला की त्या जागी संदेश पुसल्याची एक ओळ राहते. ज्यांनी वेळापत्रक पाहिले आहे त्यांना त्यात चूक होती हे या ओळीवरून कळत नाही, आणि ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना काय पुसले गेले हे कळत नाही. म्हणून आधी `Edit` वापरून फोटोखालचा मजकूर बदलावा : ‘हे वेळापत्रक चुकीचे आहे, वापरू नये. योग्य वेळापत्रक खाली देत आहे.’ पंधरा मिनिटे संपलेली नाहीत, त्यामुळे ही वाट अजून उघडी आहे. यापुढे जे पालक गट उघडतील त्यांना चुकीच्या चित्राखालीच ही सूचना मिळेल. ज्यांनी आधीच पाहिले आहे त्यांना मात्र मजकूर बदलल्याची नवी सूचना येत नाही. त्यांच्यासाठी पुढची पायरी आहे.

या ठिकाणी एक चूक हमखास होते. घाईत मजकुरात फक्त ‘सुधारित वेळापत्रक’ असा बदल केला जातो. चित्र जुनेच असल्याने आता चुकीच्या फोटोखाली तो सुधारित असल्याची ग्वाही लागते आणि गोंधळ दुप्पट होतो. मजकूर बदलायचा तर चित्र चुकीचे आहे हे सांगण्यासाठीच.

दुसरी पायरी म्हणजे योग्य फोटो नव्या संदेशाने पाठवणे. त्याखाली नुसते ‘सॉरी’ न लिहिता दोन वेळापत्रके वेगळी ओळखता येतील असे काही लिहावे : ‘यंदाचे वेळापत्रक. पहिला पेपर सोमवारी मराठीचा. 7:40चा फोटो पुढे पाठवला असेल तर तिथेही हा फोटो पाठवावा.’ ही शेवटची विनंती महत्त्वाची आहे. पुढे पाठवलेला फोटो हा स्वतंत्र संदेश असतो. मूळ संदेश बदला किंवा पुसा, पुढे गेलेल्या प्रतीला काहीच होत नाही. रिक्षावाल्या काकांच्या गटातला फोटो तिथे टाकणाऱ्या पालकालाच काढता येईल.

हे सांगताना चुकीच्या फोटोलाच उत्तर देण्याचा मोह टाळावा. एखाद्या संदेशाला उत्तर दिले की त्या उत्तरावर मूळ फोटोचे छोटे चित्र चिकटते. मूळ संदेश नंतर पुसला तरी उत्तरावरचे ते चित्र राहू शकते. वेळापत्रकाच्या बाबतीत त्याने फार बिघडत नाही. खासगी कागदाच्या बाबतीत बिघडते.

योग्य फोटो गेल्यानंतर जुना पुसायला हरकत नाही. पुसण्याआधी आपल्या संदेशाची माहिती उघडून तो कुणी वाचला आणि कुणापर्यंत फक्त पोहोचला, हे पाहून ठेवावे. वाचणाऱ्यांच्या यादीतल्या ज्या पालकांनी नव्या संदेशाला प्रतिसाद दिला नाही, त्यांना फोन करता येतो.

पुसण्याच्या मर्यादा

सर्वांकडून संदेश पुसण्याची सोय व्हॉट्सॲपमध्ये 2017 साली आली. तेव्हा मुदत अवघी सात मिनिटे होती. पुढच्या वर्षी ती तासाभराहून थोडी जास्त झाली आणि ऑगस्ट 2022पासून दोन दिवसांहून थोडी अधिक आहे. पुसताना दोन पर्याय समोर येतात, `Delete for everyone` आणि `Delete for me`. दुसरा पर्याय फक्त आपल्या फोनवरून संदेश काढतो, इतर सर्वांकडे तो तसाच राहतो. घाबरलेल्या माणसाचे बोट नेमके इथे चुकते. त्याच्या डोळ्यांपुढून फोटो नाहीसा होतो, काम झाल्यासारखे वाटते, आणि प्रत्यक्षात तो फोटो सर्वांकडून पुसण्याची त्याची एकमेव संधी गेलेली असते. यासाठी डिसेंबर 2022पासून पडद्याच्या तळाशी पाच सेकंद `Undo` हे बटण येते. ते दाबले की संदेश परत दिसतो आणि योग्य पर्याय निवडता येतो. पाच सेकंद हुकली तर वैयक्तिक संभाषणात इलाज उरत नाही. गटात मात्र आणखी एक दार असते. गटाचा ॲडमिन कोणत्याही सदस्याचा संदेश सर्वांकडून पुसू शकतो, त्यामुळे लगेच ॲडमिनला कळवावे.

सर्वांकडून पुसला म्हणजे फोटो सगळीकडून गेला असे नाही. आयफोनवर आलेले फोटो आपोआप फोनच्या फोटो ॲपमध्ये जतन करण्याची सोय चालू असेल, तर संभाषणातून संदेश गेला तरी ती प्रत तिथे राहते. हे कंपनीच्याच मदतपानावर सांगितलेले आहे. पुसणे यशस्वी झाले नाही तर पाठवणाऱ्याला तसे कळवले जात नाही, हेही तिथेच नमूद आहे. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचे फोटो गूगल फोटोजमध्ये साठवले जात असतील तर तिथे एक प्रत गेलेली असू शकते. कुणी पडद्याचा फोटो काढून ठेवला असेल तर ती प्रत पूर्णपणे त्याच्या हाती असते.

टेलिग्राममध्ये फोटो बदलतो कसा

टेलिग्रामने पाठवलेल्या संदेशातला फोटो बदलण्याची सोय 2018 साली दिली. संदेश निवडून दुरुस्तीचा पर्याय उघडायचा, जोडणीचे चिन्ह दाबून गॅलरीतून दुसरा फोटो निवडायचा, खालचा मजकूर हवा तर सुधारायचा आणि खात्री करायची. जुन्या फोटोच्या जागी, त्याच वेळेच्या नोंदीसह नवा फोटो दिसू लागतो. एकत्र पाठवलेल्या चार-पाच फोटोंतला एखादाच चुकला असेल तर तेवढाच बदलता येतो. नेहमीच्या संभाषणात आणि गटात यासाठी 48 तासांची मुदत असते. चॅनेल चालवणाऱ्यांना आपल्या जुन्या नोंदी त्यानंतरही दुरुस्त करता येतात. दुसऱ्याकडून आलेला आणि पुढे पाठवलेला संदेश मात्र कुणालाच बदलता येत नाही.

टेलिग्रामला हे जमते याचे कारण त्याच्या रचनेत आहे. तिथे साधे संभाषण कंपनीच्या सर्व्हरवर साठवलेले असते आणि फोनमधले ॲप सर्व्हरवर जे आहे ते दाखवते. सर्व्हरवरच्या नोंदीत फोटो बदलला की सर्वांच्या पडद्यावर तो बदलतो. टेलिग्राममध्येच ‘सीक्रेट चॅट’ नावाचा वेगळा प्रकार आहे. त्यात संदेश फक्त दोन फोनमध्ये उलगडतो, सर्व्हरला तो वाचता येत नाही. त्या प्रकारात टेलिग्रामही दुरुस्तीची सोय देत नाही. म्हणजे फोटो बदलण्याच्या सोयीबरोबर साधे संभाषण कंपनीच्या ताब्यात राहते, आणि ज्याला खासगीपणा जास्त मोलाचा वाटतो त्याने ही किंमत समजून घेतली पाहिजे.

वेळापत्रकाचे तेच उदाहरण टेलिग्रामवर घडले असते तर 7:49 वाजता शिक्षिकांनी फोटो बदलला असता. नंतर येणाऱ्या प्रत्येकाला बरोबर वेळापत्रक दिसले असते. संदेशाच्या कोपऱ्यात तो दुरुस्त केल्याची लहानशी खूण असती, पण काय बदलले ते त्या खुणेवरून कळले नसते. ज्या पालकांनी 7:42ला फोटो पाहून फोन बाजूला ठेवला, त्यांना नवी सूचना गेली नसती. त्यांच्या घरी मूल सोमवारसाठी गणिताचाच अभ्यास करत राहिले असते. आणि 7:48ला प्रश्न विचारणारे पालक उगाच खुळ्यात निघाले असते, कारण त्यांच्या प्रश्नाच्या वर आता बरोबर फोटो दिसत असता. म्हणून बदलण्याची सोय असली तरी खाली नव्या संदेशात ‘वरचा फोटो बदलला आहे, पहिला पेपर मराठीचा’ असे लिहिणे भागच आहे. भाव, तारखा, रक्कम असलेल्या फोटोंबाबत तर हे न सांगता बदल करणे अन्यायाचे आहे. आधीच्या फोटोवरच्या भावाला कुणी ‘चालेल’ म्हटले असेल, आणि वरचा फोटो बदलला, तर त्याचा होकार त्याने न पाहिलेल्या भावाला जोडला जातो. मोठ्या गटांचे ॲडमिन अलीकडच्या कृतींच्या नोंदीत 48 तासांपर्यंत अशी दुरुस्ती पाहू शकतात, पण सामान्य सदस्याला ती नोंद दिसत नाही.

इतर ॲप व्हॉट्सॲपच्याच वाटेने जातात. सिग्नल आणि ॲपलचे आयमेसेज दोन्ही मजकूर सुधारू देतात, फोटो बदलू देत नाहीत. दोन्हींमध्ये आधीचा मजकूर समोरच्याला पाहता येतो, ही गोष्ट प्रामाणिकपणाच्या दृष्टीने अधिक चांगली म्हणावी लागेल.

ई-मेलमधला फोटो

ई-मेलमध्ये निघालेले पत्र दुसऱ्याच कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन पोहोचते. पाठवणाऱ्याच्या सेवेचा तिथे काही अधिकार नसतो. जीमेलमध्ये दिसणारे `Undo` बटण पत्र परत आणत नाही. जीमेल ते पत्र काही सेकंद स्वतःजवळच रोखून धरते आणि तेवढ्यात बटण दाबले तर पाठवतच नाही. ही मुदत सुरुवातीला 5 सेकंदांची असते. सेटिंग्जमध्ये `Undo Send` या ओळीत ती 10, 20 किंवा 30 सेकंद करता येते. नोकरीचे अर्ज आणि कागदपत्रे ई-मेलने पाठवणाऱ्याने ती आजच 30 करून ठेवावी. बटण दाबले की पत्र मसुदा म्हणून पुन्हा उघडते. जोडलेल्या फोटोच्या नावापुढची फुली दाबून तो काढायचा आणि योग्य फोटो जोडायचा.

ई-मेलमध्ये फोटो नंतरही बदलता येईल असा एक मार्ग आहे, पण त्यासाठी पाठवतानाच वेगळी पद्धत वापरावी लागते. फोटो जोडण्याऐवजी तो गूगल ड्राइव्हमध्ये ठेवून त्याची लिंक पाठवली, तर समोरच्याच्या हाती फक्त पत्ता जातो. त्या पत्त्यावरची फाइल पाठवणाऱ्याच्या ताब्यात राहते. ड्राइव्हमध्ये त्या फाइलच्या आवृत्त्यांचा पर्याय उघडून नवी आवृत्ती चढवली की लिंक तीच राहते आणि ती उघडणाऱ्याला नवा फोटो दिसतो. दुकानाचे दरपत्रक, संस्थेचा कार्यक्रम, सोसायटीच्या पार्किंगचा आराखडा अशा वरचेवर बदलणाऱ्या गोष्टींसाठी हीच पद्धत योग्य. सरकारी किंवा बँकेच्या अर्जासोबत मात्र लिंक चालत नाही, तिथे फाइलच जोडावी लागते. ती चुकली तर दुसरे पत्र पाठवून, विषयाच्या ओळीतच ‘आधीच्या पत्रातील फोटो ग्राह्य धरू नये’ असे लिहावे. जुने पत्र समोरच्याकडे राहणारच असते, त्यामुळे ते नसल्यासारखे वागून उपयोग नाही.

खासगी कागद गेला असेल तर

चुकीच्या माणसाकडे किंवा गटात आधार कार्ड, बँकेचे पासबुक किंवा एटीएम कार्डाचा फोटो गेला तर वर सांगितलेला क्रम उलटा होतो. तिथे मजकूर सुधारण्यात किंवा खुलासा लिहिण्यात एक क्षणही घालवू नये. आधी सर्वांकडून पुसावे आणि मग खुलासा करावा. दोन-चार जणांच्या संभाषणात गेला असेल तर त्यांना थेट फोन करून गॅलरीतली प्रतही काढायला सांगावे. मोठ्या गटात गेला असेल तर तो कुणीतरी पाहिला आहे असेच धरून चालावे. एटीएम किंवा क्रेडिट कार्डाचा फोटो असेल तर बँकेला कळवून ते कार्ड बंद करून नवे घ्यावे, कारण कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर काही ठिकाणी व्यवहार होऊ शकतो. आधारच्या बाबतीत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून किंवा एमआधार ॲपवरून बोटांच्या ठशांची आणि डोळ्यांची पडताळणी बंद करून ठेवता येते. यापुढे पाठवण्यासाठी त्याच संकेतस्थळावरून झाकलेले आधार उतरवून फोनमध्ये ठेवावे. त्यात बारांपैकी फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.